टॉर्क आणि ऊर्जा: एकक एक, राशी दोन. घूर्णन गतीच्या सूत्रांच्या मितीय तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मितीय तपासणी म्हणजे नेमके काय करायचे?

सूत्रातील प्रत्येक राशी वस्तुमान, लांबी आणि काळ यांच्या घातांमध्ये लिहायची आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे घात जुळतात का, ते पाहायचे. एखाद्या बाजूला बेरीज किंवा वजाबाकी असेल, तर तिथले प्रत्येक पद स्वतंत्रपणे तपासायचे. बहुतेक चुका पकडल्या जातात त्या इथेच, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. घूर्णन गतीसाठी लागणाऱ्या राशी मोजक्याच आहेत:

```
कोन                θ    (मितिहीन)
कोनीय वेग          ω    [T⁻¹]
कोनीय त्वरण        α    [T⁻²]
जडत्व आघूर्ण       I    [M L²]
कोनीय संवेग        L    [M L² T⁻¹]
टॉर्क (बल आघूर्ण)   τ    [M L² T⁻²]
ऊर्जा, कार्य        E, W [M L² T⁻²]
```

या यादीतील पहिली ओळ आणि शेवटच्या दोन ओळी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. कोनाला मिती नाही म्हणूनच टॉर्क आणि ऊर्जा यांच्या मिती एकसारख्या दिसतात. पुढच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीकडे येऊन थांबतात.

एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवता येईल का?

भरीव दंडगोल उतारावरून न घसरता घरंगळत खाली येतो, असे समजा. तो ०.६ मीटर उंचीवरून सुटला आहे, त्याची त्रिज्या ०.१ मीटर आहे आणि पायथ्याशी त्याचा वेग किती, हे काढायचे आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून मिळणारे समीकरण असे आहे:

```
m g h = ½ m v² + ½ I ω²
```

यात ω = v/r आणि I = ½ m r² घातले की v² = 4gh/3 मिळते. g = ९.८ घेतल्यास वेग २.८ मीटर प्रति सेकंद येतो.

आता वारंवार दिसणारी चूक पाहू. घाईत ω च्या जागी v/r ऐवजी नुसता v लिहिला जातो आणि शेवटचे पद ½ I v² असे होते. त्यातून v² = 2gh/(1 + I/m) मिळते. या सूत्रात संख्या घातल्या, तर I/m = ०.००५ येते आणि वेग सुमारे ३.४२ मीटर प्रति सेकंद निघतो. हे उत्तर अवास्तव वाटत नाही. घर्षणाशिवाय नुसत्या घसरणाऱ्या ठोकळ्याच्या वेगापेक्षा ते किंचित कमी आहे, त्यामुळे ‘घरंगळण्यात थोडी ऊर्जा खर्च झाली’ अशी समजूतही सहज करून घेता येते.

मितीय तपासणी मात्र ही चूक लगेच उघड करते. ½ I v² या पदाची मिती [M L²] × [L² T⁻²], म्हणजे [M L⁴ T⁻²] आहे, तर शेजारच्या पदांची [M L² T⁻²] आहे. जास्तीचा [L²] केवळ चूक आहे एवढेच सांगत नाही, ती कुठे आहे हेही सांगतो: छेदात लांबीचा वर्ग राहून गेला आहे, आणि या गणितात योग्य ठिकाणी बसणारी लांबी म्हणजे r.

हीच चूक दुसऱ्या प्रकारे दिसते, आणि ती पाहण्यासारखी आहे. चुकीच्याच सूत्रात सर्व लांब्या सेंटिमीटरमध्ये घाला. आता I/m = ५०, छेद ५१ आणि वेग सुमारे ४८ सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणजे ०.४८ मीटर प्रति सेकंद निघतो. दंडगोल तोच, उतारही तोच, आणि तरीही मोजपट्टी बदलताच उत्तर सातपट कमी झाले. योग्य सूत्र मीटरमध्ये २.८ आणि सेंटिमीटरमध्ये २८० देते, म्हणजे एकच वेग. मिती जुळण्याचा अर्थ हाच की निसर्गातील घटना आपण निवडलेल्या मोजपट्टीवर अवलंबून नसते.

मिती जुळल्या म्हणजे सूत्र बरोबर आहे, असे मानायचे का?

नाही. वरच्या उदाहरणात ½ I ω² ऐवजी I ω² लिहिले, तर सर्व मिती जुळतात, पण वेग २.८ ऐवजी २.४२ मीटर प्रति सेकंद येतो. शुद्ध संख्या या तपासणीतून सुटतात, हे सर्वांना ठाऊक असते. घूर्णन गतीत मात्र आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे कोन, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

टॉर्कचे एकक न्यूटन-मीटर आणि ऊर्जेचेही न्यूटन-मीटरच. मग या दोन राशी एकच का नाहीत?

कारण दोन्हींतील ‘मीटर’ वेगवेगळ्या दिशांना मोजलेला आहे. कार्य काढताना बलाच्या दिशेने झालेले विस्थापन मोजतात. टॉर्क काढताना बलाला लंब असलेली भुजा मोजतात, म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून बलाच्या क्रियारेषेपर्यंतचे लंब अंतर. पहिल्या गुणाकारात कोनाचा कोसाइन येतो, दुसऱ्यात साइन. त्यामुळे एकाचे मूल्य जेव्हा सर्वाधिक असते, तेव्हा त्याच बल-लांबीच्या जोडीसाठी दुसऱ्याचे शून्य असते.

घट्ट बसलेल्या बोल्टला लावलेला पाना डोळ्यांसमोर आणा. पान्याच्या ०.४ मीटर लांब दांड्याच्या टोकाला, दांड्याशी काटकोनात, २५० न्यूटन बल लावले आहे. टॉर्क १०० न्यूटन-मीटर झाला. बोल्ट जागचा हलला नाही, तर केलेले कार्य शून्य आहे, मग कितीही वेळ जोर लावून ठेवा. दंडाचे स्नायू थकतील, पण ती ऊर्जा शरीरातच खर्च होते. बोल्टला त्यातील एक जूलही मिळत नाही. टॉर्क मात्र या संपूर्ण काळात १०० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे टॉर्क ही साठणारी किंवा खर्च होणारी राशी नाही. क्षणोक्षणी वळवण्याचा जोर किती आहे, एवढेच ती सांगते.

आता बोल्ट सुटला आणि तेवढाच टॉर्क कायम ठेवून ३० अंश फिरला, असे समजू. ३० अंश म्हणजे π/6, सुमारे ०.५२३६ रेडियन. कार्य = टॉर्क × कोन, म्हणजे १०० × ०.५२३६ = ५२.३६ जूल. पडताळणी दुसऱ्या वाटेने करता येते: पान्याचे टोक ०.४ × ०.५२३६ = ०.२०९४ मीटर लांबीच्या कंसावरून सरकले आणि बल सतत त्या कंसाच्या दिशेनेच होते, म्हणून २५० × ०.२०९४ = ५२.३६ जूल. या दुसऱ्या हिशोबातला मीटर कंसाच्या बाजूने मोजलेला आहे आणि टॉर्कमधला मीटर दांड्याच्या बाजूने. नाव एकच असले, तरी हे दोन मीटर एकमेकांशी काटकोनात आहेत.

याला आणखी दोन फरक जोडून घ्यावेत. ऊर्जा ही अदिश राशी आहे. टॉर्कला अक्षाची दिशा असते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने की उलट, हे सांगितल्याशिवाय त्याचे वर्णन पुरे होत नाही. शिवाय टॉर्क कोणत्या बिंदूभोवती मोजला, हे सांगावे लागते. तेच २५० न्यूटनचे बल पान्याच्या टोकाभोवती मोजले, तर त्याचा टॉर्क शून्य आहे. कार्याच्या बाबतीत असा बिंदू निवडण्याचा प्रश्नच येत नाही.

राशी इतक्या वेगळ्या असतील, तर मिती एकसारख्या का येतात?

रेषीय गतीत बल आणि ऊर्जा यांच्यात एका लांबीचा फरक असतो: ऊर्जा = बल × अंतर. त्यामुळे चुकून बलाच्या जागी ऊर्जा लिहिली, तर मिती लगेच बिघडतात. घूर्णन गतीत बलाची जागा टॉर्क घेतो, अंतराची जागा कोन घेतो आणि सूत्र होते ऊर्जा = टॉर्क × कोन. पण रेडियनमधला कोन म्हणजे कंसाची लांबी भागिले त्रिज्या, मीटरला मीटरने भागलेली संख्या. तिला मिती उरत नाही. म्हणून टॉर्कला कोनाने गुणले, तरी कागदावर मिती बदलत नाहीत.

टॉर्क म्हणजे दर रेडियनमागे दिली-घेतलेली ऊर्जा, असे म्हटले की गोंधळ बराच कमी होतो. बोल्टच्या उदाहरणात १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक संपूर्ण रेडियन फिरवले तर १०० जूल. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या २००६ च्या आवृत्तीतही टॉर्कसाठी जूल प्रति रेडियन हे एकक सुचवता येते, असे नोंदवलेले होते. एक बाब सांगितल्याशिवाय राहवत नाही: ‘रेडियन’ हा शब्द १८७३ मध्ये ज्यांनी आपल्या प्रश्नपत्रिकेत छापला, त्याच जेम्स थॉमसन यांनी ‘टॉर्क’ हा शब्दही सुचवला आणि तो १८८४ मध्ये छापून आला.

मितीय तपासणी घूर्णन गतीत नेमकी कुठे आंधळी पडते?

जिथे जिथे सूत्रातून कोन गळू शकतो, तिथे. ω² = 2αθ हे सूत्र घ्या. त्यातला θ लिहायचा राहून गेला आणि ω² = 2α उरले, तरी दोन्ही बाजूंना [T⁻²] च आहे. याचे रेषीय भावंड v² = 2as आहे. त्यातला s गाळला, तर एका बाजूला [L² T⁻²] आणि दुसऱ्या बाजूला [L T⁻²] अशी तफावत दिसते. चूक एकाच प्रकारची आहे, पण एकीकडे ती पकडली जाते आणि दुसरीकडे नाही.

हेच कारण उत्तरपत्रिका तपासताना पुन्हा पुन्हा समोर येते. गतिज ऊर्जा = Iα असे लिहिलेले असते आणि त्याखाली ‘मिती जुळतात’ असा शेराही मारलेला असतो. शेरा खरा आहे आणि सूत्र खोटे आहे. Iα हा टॉर्क आहे. एकसमान कोनीय वेगाने फिरणाऱ्या चाकाचे α शून्य असते. या सूत्रानुसार त्याची ऊर्जा शून्य ठरेल, पण त्याला थांबवायला गेलेल्या ब्रेकला तसे वाटणार नाही.

पिळाचा स्थिरांकही याच गटात येतो. पिळलेल्या तारेसाठी τ = κθ आणि साठलेली ऊर्जा ½κθ². इथे κ, κθ आणि ½κθ² या तिन्हींची मिती [M L² T⁻²] आहे, म्हणजे स्थिरांक, टॉर्क आणि ऊर्जा एकाच मितीच्या आड लपलेल्या आहेत.

मग रेडियनलाच एक मिती का मानू नये?

तात्पुरती मानावी आणि त्याचा उपयोग करून घ्यावा, असे माझे मत आहे. कोनाला A ही खूण द्या. मग ω ची खूण [A T⁻¹], α ची [A T⁻²], आणि टॉर्क म्हणजे ऊर्जा भागिले कोन, म्हणून [M L² T⁻² A⁻¹]. τ = Iα वरून I ला [M L² A⁻²] मिळते. आता ½ I ω² तपासा: A⁻² आणि A² एकमेकांना खोडतात आणि स्वच्छ [M L² T⁻²] उरते. Iα मध्ये मात्र A⁻¹ शिल्लक राहतो, म्हणजे ती ऊर्जा नाही. ω² = 2α मध्ये डावीकडे A² आणि उजवीकडे A येतो, म्हणजे θ हरवला आहे. आधी जे तीन प्रकार सुटत होते, ते सगळे पकडले गेले, कारण κ ची खूण A⁻², κθ ची A⁻¹ आणि ½κθ² ला खूणच नाही.

याची मर्यादा मात्र लवकरच समोर येते. s = rθ मध्ये डावीकडे नुसती लांबी आहे आणि उजवीकडे [L A]. त्रिज्येला ‘मीटर प्रति रेडियन’ मानून हे सावरता येते, पण मग अभिकेंद्री त्वरणाचे ω²r हे सूत्र अडते. त्यात A² × A⁻¹ = A अशी नको असलेली खूण उरते, तर त्वरण हे साध्या [L T⁻²] चे असते. शिवाय sin θ सारख्या फलनाला आत शुद्ध संख्याच हवी असते. हे सर्व काटेकोरपणे निभावायचे, तर जवळजवळ प्रत्येक सूत्रात ‘एक रेडियन’ हा स्थिरांक स्वतंत्रपणे लिहावा लागेल.

आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीने रेडियनला प्रथम पूरक एककांच्या वेगळ्या वर्गात ठेवले होते. १९९५ मध्ये तो वर्गच रद्द झाला आणि रेडियन मितिहीन साधित एकक ठरला. म्हणून A ही खूण पेन्सिलीने समासात लिहावी. ऊर्जा, टॉर्क आणि कोनीय संवेग यांच्या समीकरणांत ती विश्वासाने वापरावी, आणि जिथे कंस, त्रिज्या व रेषीय त्वरण मिसळतात तिथे ती का उरली, हे समजून घेऊन खोडावी.

दिशांनुसार वेगळ्या लांब्या मानण्याची पद्धत काय आहे?

ती कल्पना अशी की x दिशेची लांबी Lx आणि y दिशेची लांबी Ly या वेगळ्या मिती मानायच्या. पान्याचा दांडा x दिशेला आणि बल y दिशेला असेल, तर बल [M Ly T⁻²] आणि टॉर्क [M Lx Ly T⁻²] होतो. छोटा कोन म्हणजे y दिशेचे सरकणे भागिले x दिशेची त्रिज्या, [Ly/Lx]. दोहोंचा गुणाकार केला की Lx खोडला जातो आणि [M Ly² T⁻²] उरते, म्हणजेच बलाच्याच दिशेने केलेले कार्य. ‘हे दोन मीटर काटकोनात आहेत’ असे आधी जे शब्दांत सांगितले, ते इथे मितींमध्येच दिसते. पण तिरक्या दिशेने चाललेल्या वस्तूच्या गतिज ऊर्जेत x आणि y या दोन्ही दिशांच्या वेगांचे वर्ग मिळवावे लागतात आणि ही पद्धत त्या दोन पदांना भिन्न मितींची ठरवते. त्यामुळे ती समजावून देण्यासाठी उत्तम आहे, सरसकट वापरण्यासाठी नाही.

शक्तीच्या गणितात उत्तर सहापट चुकते, पण मिती जुळतात. असे का होते?

मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे रूपांतर अर्धवट झाल्यामुळे. १०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारा दंड मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला २५ फेरे होतात. P = τω मध्ये २५ घातले, तर २५०० वॉट येतात. सूत्रातला ω मात्र रेडियन प्रति सेकंदात हवा, म्हणजे २५ × 2π = १५७.०८, आणि खरी शक्ती सुमारे १५.७ किलोवॉट आहे. फेरे प्रति सेकंद आणि रेडियन प्रति सेकंद या दोहोंची मिती [T⁻¹] असल्याने तपासणी गप्प बसते.

अशी चूक ओळखायची, ती गुणोत्तरावरून. आलेले उत्तर अपेक्षित उत्तराच्या ६.२८ पटीने कमी-जास्त असेल, तर फेरा आणि रेडियन यांची अदलाबदल झाली आहे. ५७.३ पट असेल, तर अंश आणि रेडियन यांची. बोल्टच्या उदाहरणात ३० अंश तसेच गुणले असते, तर ३००० ‘जूल’ आले असते, आणि ३००० भागिले ५२.३६ म्हणजे ५७.३ च.

टॉर्क जूलमध्ये लिहिला तर चालेल का?

चालणार नाही. गणिती दृष्टीने ते चुकीचे नसले, तरी जूल हे नाव ऊर्जा, कार्य आणि उष्णता यांच्यासाठी राखलेले आहे आणि वाचणारा त्याचा तोच अर्थ घेईल. लिहिताना न्यूटन आधी आणि मीटर नंतर, N·m असा क्रम ठेवावा. mN असे उलट लिहिले, तर ते मिलिन्यूटन म्हणून वाचले जाते.

एकके सांभाळणारी संगणकीय ग्रंथालये हा फरक ओळखतात का?

साधारणपणे ओळखत नाहीत, कारण ती फक्त मिती पाहतात. पायथॉनमधील एका प्रचलित ग्रंथालयाचे उदाहरण घ्या:

```python
import pint
u = pint.UnitRegistry()
tau = 100 * u.newton * u.meter
tau.to("joule")      # कोणतीही तक्रार नाही
tau + 5 * u.joule    # इथेही नाही
```

शेवटची ओळ टॉर्क आणि ऊर्जा यांची बेरीज करते. भौतिकदृष्ट्या तिला काहीच अर्थ नाही, कारण एक राशी अक्षाच्या दिशेशी बांधलेली आहे आणि दुसरीला दिशाच नाही. अशा ठिकाणी चलांच्या नावातच राशी स्पष्ट करावी, आणि टॉर्कपासून ऊर्जेकडे जाणारी प्रत्येक वाट कोनाने गुणणाऱ्या एकाच फलनातून नेणे सर्वात सुरक्षित.

मिती जुळल्यानंतर आणखी काय तपासावे?

टोकाच्या परिस्थिती. घरंगळणाऱ्या दंडगोलाच्या सूत्रात I शून्य धरल्यास v² = 2gh हे घसरणाऱ्या ठोकळ्याचे सूत्र परत मिळायला हवे. सर्व वस्तुमान कडेवर असलेल्या कड्यासाठी I = m r² घातल्यास v² = gh यायला हवे. ½ च्या जागी 1 लिहिण्याची जी चूक मितींमधून सुटली होती, ती इथे सापडते, कारण चुकीच्या सूत्रात भरीव दंडगोलासाठीच v² = gh येते, आणि भरीव दंडगोल व पोकळ कडे पायथ्याशी एकाच वेगाने पोहोचू शकत नाहीत.